आवाज बसलेला पेशंट आणि मेडियास्टिनमचे चार कप्पे

प्रश्न: सर, फर्स्ट इयर एमबीबीएसला आहे. मेडियास्टिनमच्या सुपिरियर, अँटिरियर, मिडल, पोस्टिरियर अशा चारही लिस्ट पाठ केल्या पण दोन दिवसात सगळी खिचडी होते. व्हेगस पुढे का फ्रेनिक पुढे, अझायगस नक्की कुठे आणि एकच इसोफेगस दोन लिस्टमध्ये कसा काय? कोणीतरी नीट सांगा ना.

उत्तर:

लिस्ट पाठ करून मेडियास्टिनम कोणाचंच लक्षात राहत नाही, त्यामुळे तुझं काही वेगळं नाहीये. मी आधी काही वर्षं अॅनाटॉमीत ट्यूटर होतो आणि आता रोज छातीचे सीटी रिपोर्ट करतो, त्या अनुभवावरून सांगतो, एकच जागा पक्की धर आणि बाकीचं तिच्या भोवती लाव. ती जागा म्हणजे अेऑर्टाची आर्च. सगळे भांडणारे नर्व्ह, व्हेन आणि नळ्या तिच्या आजूबाजूनेच जातात.

पण आधी दोन मिनिटं सीमा बघू, कारण कप्पे कशाने पडलेत हे कळलं नाही तर पुढचं अडकतं. दोन फुफ्फुसं आपापल्या प्लूरात गुंडाळलेली, त्यांच्या मधे जी जागा उरते तेवढंच मेडियास्टिनम. पुढे स्टर्नम, मागे थोरॅसिक मणके, वर थोरॅसिक इनलेट, खाली डायफ्रॅम. आता स्वतःच्या गळ्याच्या खाचेत बोट ठेव आणि सरळ खाली घसरव, साधारण चार-पाच सेंटिमीटरवर हाडाचा आडवा उंचवटा लागेल. तो स्टर्नल अँगल. बाजूला सरकलास की दुसऱ्या बरगडीचं कार्टिलेज हाताला लागतं (वॉर्डात बरगड्या मोजायच्या त्या इथूनच, पहिली बरगडी हाताला धड लागतच नाही). इथून आडवी पाटी मागे सरकवली की ती टी४ आणि टी५ च्या मधल्या डिस्कला जाऊन टेकते. पाटीच्या वरचं ते सुपिरियर, खालचं ते इन्फिरियर. आणि इन्फिरियरचे तीन तुकडे पेरिकार्डियम करतं, पेरिकार्डियमच्या पुढे अँटिरियर, पेरिकार्डियम आणि त्याच्या आतलं मिडल, मागे पोस्टिरियर. बस, एवढंच.

म्हणजे बघ, इसोफेगसचा घोळ इथेच सुटला. ही पाटी आपण काढलेली रेघ आहे, तिथे पडदा वगैरे काही नाही. मानेतून खाली जाणारं जे काही आहे ते सुपिरियरमधून शिरणार आणि खाली दुसऱ्या कुठल्यातरी कप्प्यात जाणार. इसोफेगस, थोरॅसिक डक्ट, दोन्ही व्हेगस हे वर सुपिरियरमध्ये, खाली पोस्टिरियरमध्ये. दोन्ही फ्रेनिक वर सुपिरियरमध्ये, खाली मिडलमध्ये. एसव्हीसीचा वरचा अर्धा भाग सुपिरियर, खालचा अर्धा मिडल, कारण खालचा अर्धा पेरिकार्डियममध्ये शिरलेला असतो. थायमस लहान मुलात सुपिरियरमधून खाली अँटिरियरमध्ये लोंबतो. ट्रेकिया मात्र पाटीपर्यंत येऊन तिथेच दुभंगते, आणि ते दुभंगणं काही पुस्तकं मिडलमध्ये टाकतात काही पोस्टिरियरमध्ये, त्यावर वाद घालू नकोस, तुझ्या परीक्षकाचं जे पुस्तक असेल ते लिही.

आणखी एक, पाटीची ही लेव्हल झोपलेल्या कॅडेव्हरची आहे. जिवंत माणूस उभा राहिला की सगळं खाली ओघळतं, खोल श्वास घेतला की ट्रेकियाचं दुभंगणं टी६ पर्यंतसुद्धा जातं. एक्सरे बघून टी४ लाच शोधत बसलास तर सापडणार नाही.

आता सुपिरियर. इथे पुढून मागे जायचं, क्रम असा की आधी थायमस, मग व्हेन, मग आर्टरी, मग हवेची नळी, मग अन्नाची नळी, आणि शेवटी इसोफेगसच्या डाव्या कडेला चिकटून थोरॅसिक डक्ट. तेवढा क्रम हातात असला की लिस्ट आपोआप येते. मनुब्रियमच्या मागे हात घातला (डिसेक्शनला मनुब्रियम काढल्यावर) की पहिल्यांदा पिवळट चरबी लागते, तोच मोठ्या माणसाचा थायमस, विद्यार्थी तो खरवडून बादलीत टाकतात आणि मग थायमस कुठेय म्हणून विचारतात. तो उचलला की दोन ब्रेकिओसिफॅलिक व्हेन. उजवी छोटी, जेमतेम अडीच सेंटिमीटर, जवळजवळ सरळ खाली उतरते. डावी लांब, सहा सेंटिमीटरच्या आसपास, ती डावीकडून उजवीकडे तिरकी, मनुब्रियमच्या मागून आणि आर्चच्या तीन फांद्यांच्या अगदी पुढून जाते. दोघी मिळून उजव्या पहिल्या कार्टिलेजच्या मागे एसव्हीसी होते. ही डावी व्हेन नीट लक्षात ठेव, लहान मुलांमध्ये ती गळ्याच्या खाचेच्या वर डोकावू शकते, आणि ट्रेकिऑस्टॉमी करणारा माणूस जरा खाली घसरला तर फील्ड रक्ताने भरतं.

व्हेनच्या मागे आर्टरी, म्हणजे आपली आर्च. ती उजव्या दुसऱ्या कार्टिलेजच्या मागे सुरू होते, वर जाते, मागे जाते, डावीकडे जाते आणि टी४ च्या खालच्या कडेला डावीकडे संपते. बऱ्याच जणांच्या डोक्यात आर्च म्हणजे उजवीकडून डावीकडे आडवी कमान असते, तसं नाहीये, ती मुख्यतः पुढून मागे जाते, म्हणूनच समोरून काढलेल्या एक्सरेत ती डावीकडे एक गोल उंचवटा म्हणून दिसते, त्याला आम्ही नकल म्हणतो. मजा ही की सुरुवात आणि शेवट दोन्ही त्याच पाटीवर आहेत, म्हणजे अख्खी आर्च सुपिरियरमध्ये, तिच्या आधीची असेंडिंग अेऑर्टा मिडलमध्ये आणि नंतरची डिसेंडिंग अेऑर्टा पोस्टिरियरमध्ये. एकाच नळीने तिन्ही कप्पे फिरून आलो.

आता नर्व्ह, जिथे सगळे गडबडतात. आर्चच्या डाव्या अंगावर दोन नर्व्ह वरून खाली उतरतात, पुढची डावी फ्रेनिक, मागची डावी व्हेगस. पुढे गेल्यावरही हेच नातं टिकतं, फ्रेनिक फुफ्फुसाच्या रूटच्या पुढून जाते, व्हेगस रूटच्या मागून. कारणही साधं आहे, फ्रेनिकला पेरिकार्डियमच्या बाजूने उतरून डायफ्रॅमला जायचंय आणि व्हेगसला इसोफेगस गाठायचाय, इसोफेगस मागे आहे म्हणून व्हेगस मागे. कोण कुठे चाललंय ते आठवलं की पुढे-मागे पाठ करायची गरज नाही. त्या दोघींच्या मधून डावी सुपिरियर इंटरकॉस्टल व्हेन आर्चच्या अंगावरून पुढे येते, फ्रेनिकच्या खोल बाजूने आणि व्हेगसच्या वरून, हे व्हायवाला विचारतात म्हणून सांगितलं, आयुष्यात फार उपयोगी पडेलसं नाही.

डावी व्हेगस आर्चवरून जाताना एक फांदी देते ती डावी रिकरंट लॅरिंजिअल. ही आर्चच्या खालून, लिगामेंटम आर्टिरिओसमच्या मागच्या अंगाने वळसा घेते आणि ट्रेकिया आणि इसोफेगसच्या मधल्या खोबणीतून परत वर गळ्यात जाते. उजवी रिकरंट मात्र छातीत येतच नाही, ती मानेच्या मुळाशी उजव्या सबक्लेव्हियनला वळसा घालून परत फिरते. गर्भात दोन्ही बाजूला हा नर्व्ह सहाव्या आर्चच्या आर्टरीखाली असतो, डावीकडे त्या आर्टरीचा डक्टस आर्टिरिओसस होतो आणि नर्व्ह तिथेच अडकून छातीत ओढला जातो, उजवीकडे सहाव्याचा मागचा भाग आणि पाचवा दोन्ही नाहीसे होतात म्हणून नर्व्ह वर सरकून चौथ्याला, म्हणजे सबक्लेव्हियनला अडकतो.

याचा उपयोग काय ते एका पेशंटवर दाखवतो (माहिती ओळख पटणार नाही इतपत बदललीय). साधारण साठीचे काका, बिडी ओढणारे, महिना-दीड महिना आवाज बसलाय, घशाची औषधं घेऊन झाली, ईएनटीवाल्यांनी स्कोप घातला तर डावी व्होकल कॉर्ड हलत नाहीये. गळ्यात गाठ नाही. आमच्याकडे फॉर्म आला तो "सीटी नेक" असा. आता टेक्निशियनने फॉर्मप्रमाणे क्लॅव्हिकलपर्यंत स्कॅन करून सोडलं असतं तर रिपोर्ट नॉर्मल गेला असता, कारण नर्व्हचा वळसा त्याच्या खाली आहे. डावी कॉर्ड बंद असेल तर कवटीच्या बुडापासून आर्चच्या खाली फुफ्फुसाच्या हायलमपर्यंत स्कॅन लागतो, उजवी असेल तर सबक्लेव्हियनपर्यंत पुरतो. म्हणून फॉर्मवर बाजू लिहिलीय का ते मी आधी बघतो.

सीटीच्या आधी काकांचा साधा एक्सरे होता तो लावला. समोरून काढलेल्या एक्सरेत डाव्या कडेने वरून खाली आलास की आधी नकल, मग आत गेलेली छोटी खाच, मग डावी पल्मनरी आर्टरी. ही खाच म्हणजे अेऑर्टोपल्मनरी विंडो, वर आर्च, खाली डावी पल्मनरी आर्टरी. तिच्यात काय असतं? थोडी चरबी, लिम्फ नोड, लिगामेंटम आर्टिरिओसम आणि डावी रिकरंट. नॉर्मलला ती खाच आत वळलेली असते. काकांची बाहेर फुगलेली होती. एवढ्यावरच माझं निम्मं काम झालं.

मग डोळा खाली गेला. डायफ्रॅमचा डावा घुमट उजव्यापेक्षा वर. नेहमी उजवा जरा वर असतो, त्यामुळे डावा वर दिसला की कान टवकारायचे (पोटात गॅसने पोट फुगलं तरी असं होतं, ते आधी वगळायचं). फ्लुरोस्कोपीखाली काकांना नाकाने जोरात हुंगायला सांगितलं, उजवा घुमट झटकन खाली गेला आणि डावा उलटा वर. म्हणजे डावी फ्रेनिकही गेलेली. आता तू सांग, आवाजाची नर्व्ह आणि डायफ्रॅमची नर्व्ह एकाच वेळी कुठे सापडतील? मानेत व्हेगस कॅरॉटिड शीथमध्ये असते, फ्रेनिक स्केलिनस अँटिरियरवर असते, जवळ आहेत पण मानेत गाठ नव्हती. दोघी पुन्हा एकमेकींच्या शेजारी येतात त्या आर्चच्या डाव्या अंगावर. सीटी काढायच्या आधीच जागा कळली. सीटीत डाव्या वरच्या लोबची गाठ, तिथून नोडचा गठ्ठा आर्चच्या बाजूने येऊन विंडो भरून टाकलेली.

पण काकांचं तोंड सुजलेलं नव्हतं, मानेच्या शिरा फुगलेल्या नव्हत्या, हाही मुद्दा आहे. छातीच्या मधल्या भागाची डावी बाजू आर्टरीची, उजवी बाजू व्हेनची. उजव्या प्लूरातून मेडियास्टिनमकडे बघितलं तर उजवी ब्रेकिओसिफॅलिक व्हेन, एसव्हीसी, अझायगसचा वळसा, राइट एट्रियम, आयव्हीसी, सगळ्या निळ्या गोष्टी, आणि उजवी फ्रेनिक या सगळ्यांच्या बाजूने एकेकीवर टेकत खाली जाऊन आयव्हीसीबरोबर टी८ च्या भोकातून बाहेर. डावीकडून बघितलं तर आर्च, डावी सबक्लेव्हियन, डिसेंडिंग अेऑर्टा, लेफ्ट व्हेंट्रिकल, सगळं लाल. त्यामुळे डावीकडची गाठ आवाज घेते आणि उजवीकडच्या वरच्या लोबची गाठ एसव्हीसी दाबून तोंड सुजवते, सकाळी उठल्यावर जास्त, वाकलं की डोकं जड. अपवाद असतात पण पहिला अंदाज यावरूनच.

काकांची पुढची अडचण बायोप्सीची आली आणि तीही निव्वळ अॅनाटॉमीमुळे. गळ्याच्या खाचेतून मेडियास्टिनोस्कोप घातला की तो ट्रेकियाच्या पुढच्या पृष्ठभागाला चिकटून खाली उतरतो, म्हणजे ब्रेकिओसिफॅलिक आर्टरी आणि आर्च यांच्या मागून. ट्रेकियाच्या दोन्ही बाजूचे आणि दुभंगण्याच्या खालचे नोड त्याला मिळतात. पण विंडोतले नोड लिगामेंटम आर्टिरिओसमच्या पलीकडे, डावीकडे बाहेर आहेत, आर्च मधे आडवी. त्या स्कोपने हात पोचत नाही. मग डावीकडे दुसऱ्या बरगडीजवळून पुढून छोटा कट घेऊन जावं लागतं किंवा थोरॅकोस्कोप वापरावा लागतो. आमच्या सुदैवाने ट्रेकियाच्या डाव्या कडेलाही एक मोठा नोड होता, तो ब्रॉन्कोस्कोपच्या अल्ट्रासाउंडने सुई घालून मिळाला आणि काका कट वाचवून गेले. कॅन्सरच निघाला, आणि नर्व्ह गुंतलेली असल्याने सर्जन लोकांनी ऑपरेशनचा विषय सोडून केमो-रेडिएशनकडे पाठवलं.

आवाज बसण्यावरून एक सांगून पुढे जातो. १८९७ साली ऑर्टनर नावाच्या व्हिएन्नाच्या डॉक्टरने मायट्रल स्टेनोसिसच्या पेशंटमध्ये डावी कॉर्ड बंद पडल्याचं लिहिलं. आपल्याकडे रूमॅटिक हार्ट डिसीज अजून आहेच, त्यामुळे तरुण बाई, दम लागतोय, आवाज बसलाय, असं असेल तर कॅन्सरच्या आधी स्टेथोस्कोप लाव. लेफ्ट एट्रियम फुगतं, पल्मनरी आर्टरीतलं प्रेशर वाढून ती फुगते, आणि नर्व्ह पल्मनरी आर्टरी आणि आर्चच्या मधे चेमटते. जागा तीच, विंडो, फक्त दाबणारं खालून.

अँटिरियर मेडियास्टिनमला फार वेळ देऊ नकोस. स्टर्नमच्या बॉडीच्या मागे आणि पेरिकार्डियमच्या पुढे ही चिंचोळी फट आहे, चौथ्या कार्टिलेजच्या वर दोन्ही प्लूरा जवळजवळ एकमेकींना टेकतात म्हणून तिथे जागाच नसते. चरबी, स्टर्नोपेरिकार्डियल लिगामेंट, दोन-चार नोड, इंटर्नल थोरॅसिकच्या बारीक फांद्या आणि लहानपणी थायमसचं खालचं टोक, संपलं. महत्त्व एवढंच की इथे मोठी नळी नसल्याने गाठ बरीच मोठी होईपर्यंत गप्प बसते. थायमोमा, टेराटोमा, लिम्फोमा या तिथल्या नेहमीच्या गाठी, आणि वरून मानेतून उतरलेला थायरॉइड. चौथ्या कार्टिलेजच्या खाली डावी प्लूरा थोडी बाजूला सरकते आणि पेरिकार्डियमचा एक तुकडा उघडा पडतो, पेरिकार्डियममधलं पाणी काढायला सुई तिथून प्लूरा चुकवून घालता येते, हेही लिही.

मिडल म्हणजे पेरिकार्डियम आणि हृदय, आणि हृदयात येणाऱ्या-जाणाऱ्या नळ्यांची टोकं. असेंडिंग अेऑर्टा, पल्मनरी ट्रंक, एसव्हीसीचा खालचा अर्धा, आयव्हीसीचं टोक, पल्मनरी व्हेन. बाजूने दोन फ्रेनिक आणि त्यांच्यासोबत पेरिकार्डिओफ्रेनिक आर्टरी-व्हेन. दुभंगण्याच्या भोवती ट्रेकिओब्रॉन्किअल नोड आणि डीप कार्डिअॅक प्लेक्सस. व्हेगस इथे नाही, हे परत एकदा. हृदयाचा सगळ्यात मागचा कप्पा लेफ्ट एट्रियम, त्याच्या मागे पेरिकार्डियम आणि त्याच्या लगेच मागे इसोफेगस, मधे बाकी काही नाही. म्हणून इसोफेगसमध्ये प्रोब घातला की इको इतका स्वच्छ दिसतो, आणि म्हणून एट्रियम फुगलं की घास अडकतो.

पोस्टिरियर मेडियास्टिनमला मात्र वेळ दे, इथे गुंता आहे. पुढे पेरिकार्डियम, मागे टी५ ते टी१२. डायफ्रॅम पुढून मागे उतरतं म्हणून हा कप्पा मागे बराच खाली जातो, हे विद्यार्थी विसरतात. मणक्याच्या पुढे मधोमध नजर ठेव. मणक्याच्या डावीकडे डिसेंडिंग अेऑर्टा सुरू होते आणि उतरता उतरता मधे सरकत टी१२ ला बाहेर पडते. उजवीकडे अझायगस व्हेन. या दोघांच्या मधे, इसोफेगसच्या मागे, थोरॅसिक डक्ट, पातळ, रिकामी, कॅडेव्हरमध्ये चिमट्याला चिकटलेल्या दोऱ्यासारखी, आणि शोधायची असेल तर अझायगस आधी पकड आणि तिच्या आतल्या बाजूला हळू खरवड. इसोफेगस वर अेऑर्टाच्या उजवीकडे असतो, खाली येता येता तिच्या पुढून डावीकडे जातो आणि टी१० ला मधल्या रेषेच्या अडीच सेंटिमीटर डावीकडे डायफ्रॅममधून निघतो. दोन्ही व्हेगस त्याच्यावर जाळं करून त्याच्याबरोबरच निघतात, डावी पुढे, उजवी मागे, कारण पोट गर्भात त्या बाजूला फिरतं.

अझायगस खाली टी१२ च्या आसपास उजवी असेंडिंग लंबर आणि सबकॉस्टल मिळून होते, मणक्याच्या उजव्या कडेने टी४ पर्यंत चढते आणि उजव्या फुफ्फुसाच्या रूटवरून वळसा घेऊन पुढे येऊन एसव्हीसीला मागून मिळते, एसव्हीसी पेरिकार्डियममध्ये शिरायच्या जरा आधी, म्हणजे परत आपल्या पाटीच्याच लेव्हलला. डावीकडचं रक्त हेमिअझायगस टी८ ला आणि अॅक्सेसरी हेमिअझायगस टी७ ला मणक्यापुढून ओलांडून हिच्यात आणतात, पण या लेव्हल माणसागणिक बदलतात, टेबलावर वेगळं दिसलं तर घाबरू नकोस. आता ती कुठे मिळते हे का महत्त्वाचं ते सांगतो. एसव्हीसी अझायगसच्या वर दाबली गेली तर डोक्या-हाताचं रक्त इंटरकॉस्टलमधून अझायगसमध्ये येऊन एसव्हीसीच्या खालच्या मोकळ्या भागात पडतं, पेशंट बराच वेळ तग धरतो. मिळण्याच्या जागी किंवा खाली दाबली गेली तर हा रस्ता बंद, रक्त अझायगसमधून उलटं खाली पोटाकडे आयव्हीसीला जायला लागतं, त्रास जास्त. सीटीत कॉन्ट्रास्ट अझायगसमध्ये उलटा उतरताना दिसला की ब्लॉक कुठे असेल याचा अंदाज लगेच येतो.

थोरॅसिक डक्टचंही असंच. ती टी१२ ला अेऑर्टाबरोबर आत येते, उजवीकडून चढते, टी५ च्या सुमारास इसोफेगसच्या मागून डावीकडे ओलांडते आणि वर डाव्या सबक्लेव्हियन आणि इंटर्नल जुग्युलर मिळतात तिथे संपते. इसोफेगसच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, पेशंटला दूध दिलं आणि ड्रेनमध्ये दुधाळ पाणी यायला लागलं, तर डक्ट कापली गेलीय. खाली दुखावली तर पाणी उजव्या प्लूरात, ओलांडल्यावर वर दुखावली तर डाव्या. आणि बांधायची झाली तर सर्जन उजवीकडून जाऊन डायफ्रॅमच्या लगेच वर अझायगस आणि अेऑर्टाच्या मधली सगळी टिश्यू एकत्र टाक्यात घेतात, डक्ट वेगळी शोधत बसत नाहीत, कारण तिथे खाली ती बहुतेकदा एकच आणि ठरलेल्या जागी असते.

सिम्पथेटिक चेन कुठे लिहायची हा तुझा पुढचा प्रश्न असणार. ती बरगड्यांच्या डोक्यांवरून बाजूने उतरते, त्यामुळे काटेकोर बघितलं तर पोस्टिरियर मेडियास्टिनमच्या बाहेर आहे, तिच्यातून निघणाऱ्या स्प्लँक्निक नर्व्ह मात्र मधे येतात आणि त्या लिस्टमध्ये आहेत. वॉर्डात कोणी एवढं बघत नाही, मणक्याशेजारची नर्व्हची गाठ असेल तर पोस्टिरियर मेडियास्टिनमची म्हणूनच सांगतात. तिथेच मणक्याच्या टीबीचा कोल्ड अॅबसेसही येतो, एक्सरेत मणक्याच्या दोन्ही बाजूला फुगीर सावली दिसते, आपल्याकडे गाठीच्या आधी तोच डोक्यात आणायचा.

शेवटची गोष्ट, रेडिओलॉजीत आलास की हे चार कप्पे तुला कमी दिसतील. स्टर्नल अँगलची पाटी सीटीत निरुपयोगी आहे, कारण आडव्या काप्यांमध्ये वर-खाली भाग पाडून काही मिळत नाही. २०१४ पासून थायमसच्या गाठींवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने, आयटीएमआयजीने, मांडलेले तीन कप्पे वापरले जातात, प्रीव्हॅस्क्युलर, व्हिसरल आणि पॅराव्हर्टिब्रल. पुढच्या दोघांची सीमा पेरिकार्डियम आणि मोठ्या नळ्यांची पुढची बाजू, मागच्या दोघांची सीमा मणक्याच्या पुढच्या कडेपासून एक सेंटिमीटर मागे काढलेली रेघ. त्यात इसोफेगस, डिसेंडिंग अेऑर्टा आणि थोरॅसिक डक्ट हे हृदयाबरोबर व्हिसरलमध्ये जातात, पोस्टिरियर नावाचं काही उरतच नाही. म्हणून सीटी रिपोर्टमध्ये "व्हिसरल कम्पार्टमेंट" वाचून तुझ्या पुस्तकातलं मिडल समजू नकोस, आणि तुझ्या व्हायवात प्रीव्हॅस्क्युलर म्हणू नकोस, फर्स्ट इयरचा परीक्षक ते ऐकून घेईलच असं नाही.

डिसेक्शन हॉल अजून चालू असेल तर एक काम कर. डाव्या बाजूचं फुफ्फुस काढलेलं टेबल बघ, आर्चवर बोट ठेव, पुढची बारीक दोरी फ्रेनिक, मागची जाड व्हेगस, व्हेगस जरा उचलून ओढलीस की आर्चच्या खाली रिकरंट ताणली जाते आणि तिच्या पुढे लिगामेंटम आर्टिरिओसम टणक हाताला लागतो. मग उजव्या टेबलावर जाऊन अझायगसचा वळसा धर, त्याच्या आतल्या बाजूने ट्रेकियावर टेकलेली उजवी व्हेगस दिसेल आणि एसव्हीसीवर उजवी फ्रेनिक. हे दोन्ही करून झाल्यावर लिस्ट परत वाच.